मदत हवी आहे: जिमच्या डाएटमुळे भावाचं पोट साफ होत नाही

मंडळी, लहान भाऊ 21 चा, जळगावला जिम करतो. कोचने डाएट दिल्यापासून घरची कळण्याची भाकरी, डाळ, भाजी सगळं बंद, नुसती अंडी, चिकन, पांढरा भात आणि व्हे प्रोटीन पावडरचे दोन स्कूप, आता दोन-तीन दिवस शौचाला होत नाही आणि झाली तर खडा. रक्त नाही, पोट दुखत नाही. तो पावडरलाच शिव्या देतो, पण अंडी-चिकनमध्ये फायबर शून्य अन् भातात नावाला, लागतं दिवसाला 25-30 ग्रॅम, मग होणारच ना? प्रोटीन तेवढंच ठेवून भाकरी, मटकी, पेरू कसं बसवू? एकदम वाढवलं तर गॅस होतो म्हणून हळूहळू करायचंय. इसबगोल शेकमध्ये चालेल का पाण्यातच द्यायचं? उन्हात घाम भरपूर, पाणी किती?