मदत हवी आहे: गप्पा मी एकटीच ओढतेय का?

अ‍ॅपवर ओळख झालेल्या एका मुलाशी अडीच आठवडे चॅट चालू आहे. काल झोप येईना म्हणून सगळं पहिल्यापासून वाचून काढलं (हो, मोजलंसुद्धा, हसू नका). 17 दिवसांपैकी 13 दिवस सुरुवात माझी. प्रश्नांचं तर विचारूच नका. मी "ट्रेक कसा झाला?" म्हटलं की पाच ओळी येतात, राजगडच्या फोटोंसकट, पण शेवटी "तुझा रविवार कसा गेला?" काही येत नाही. मी नवा विषय काढला नाही की गप्पा तिथेच थांबतात.

गोंधळ असा की उत्तरं तुटक नसतात. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लक्षात ठेवून त्याने त्या सकाळी स्वतःहून चौकशी केली होती. नुसतं "हं", "ओके" करणारा असता तर केव्हाच सोडलं असतं.

परवापासून मी मुद्दाम मेसेज केला नाही. तिकडूनही शांतता. पण तो अकाउंट्समध्ये आहे आणि महिनाअखेर चालू आहे, मग यावरून काय ठरवायचं?

सरळ चहाला भेटू या का विचारू, की "तू मला काहीच विचारत नाहीस" असं बोलून टाकू? चॅटवर असा, पण भेटल्यावर भरभरून बोलणारा कुणाला भेटलाय का?