कार्टून चेहऱ्यातलं साम्य: आकड्यावर विसंबायचं की बघणाऱ्यावर?

रेघोट्या: फोटोवरून कार्टून चेहरा करणारं मॉडेल तपासतोय. आर्कफेस हे चेहरे ओळखणारं न्यूरल जाळं प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक यादी करतं, तिला एम्बेडिंग म्हणतात. मूळ फोटो आणि चित्र यांच्या एम्बेडिंगमधलं कोसाइन साम्य काढतो, म्हणजे दोन याद्या किती जुळतात ते; 1 आलं की पूर्ण जुळल्या. एका बाईच्या चित्रात शैलीचा जोर कमी ठेवला तर 0.58 आलं, वाढवला तर 0.31. बघणारे मात्र म्हणतात, 0.31 वालंच तिच्यासारखं दिसतं. मग आकडा सोडून द्यायचा का?

तिरपी नजर: खुशाल सोडा. ते जाळं फोटोंवर शिकलंय. 0.58 आलं कारण फोटो जेमतेम बदललाय. व्यंगचित्रकार नाक दुप्पट करतो तरी माणूस झटकन ओळखू येतो, आकडा मात्र आपटतो.

मोजपट्टी: हे अर्धंच खरं. आकडा एकटा बघितला की फसवतो. तेच चित्र त्याच वयाच्या, तशाच चेहरेपट्टीच्या वीसेक बायकांच्या फोटोंशी ताडून बघा. त्या 0.10 च्या आसपास असतील तर 0.31 भरपूर झाला. चित्राची तुलना दुसऱ्या चित्राशी मात्र नको. मोठे डोळे, गुळगुळीत त्वचा यांमुळे एका शैलीतली सगळी माणसं एकमेकांची भावंडं दिसतात. आणि ज्या चित्रांत डिटेक्टरला चेहराच सापडत नाही, ती गुपचूप गळतात का बघा. गळाली की सरासरी उगाच चढते. मॉडेल शिकवताना हेच आर्कफेस वापरलं असेल, तर तपासायला दुसरं जाळं घ्या. नाहीतर स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं होतं.

जुना अल्बम: आजोबांचा एकच धूसर फोटो होता, त्यावरून चित्र करून घेतलं. घरात कुणाला ते आजोबा वाटत नाहीत. किती आकडा आला म्हणजे चालेल?

मोजपट्टी: धूसर फोटोचं एम्बेडिंगच डळमळीत असतं, तिथे आकड्याच्या मागे लागू नका. घरच्यांचं खरं धरा. रेघोट्या, तुमच्या बघणाऱ्यांसमोर मूळ फोटो होता का?

रेघोट्या: हो, शेजारीच.

मोजपट्टी: मग त्यांनी मानेचा कल आणि कानातले जुळवले असणार. तिचा वेगळ्या दिवशीचा फोटो घ्या, तिच्यासारख्या दिसणाऱ्या तिघींच्या फोटोंत मिसळा आणि विचारा, हे चित्र कोणाचं? 'किती सारखं वाटतं, पाचपैकी गुण द्या' असं विचारलंत तर लोक भिडेखातर चार देतात.

रेघोट्या: करून बघितलं. बहुतेकांनी बरोबर ओळखली. आकड्यांत मात्र दुसरीच एक बाई 0.27 वर आली, म्हणजे अगदी थोडक्यात वाचलो. आणि केस झाकून विचारलं तर लोकही चुकायला लागले.

मोजपट्टी: म्हणजे ओळख केसांवर चालली होती. आर्कफेसला 112 × 112 चा आवळून कापलेला चेहरा मिळतो, त्यात केस फारसे येतच नाहीत.

तिरपी नजर: मग केस हा तिचा भाग नाही का? आपण रस्त्यात माणूस ओळखतो तेव्हा केस झाकून ओळखतो का?

मोजपट्टी: उद्या तिने केस कापले तर हे चित्र कोणाचं? केस झाकून आणि उघडे ठेवून, दोन्ही निकाल वेगवेगळे लिहा. त्यांची सरासरी तेवढी काढू नका.

तिरपी नजर: लिहा की. माझ्या लेखी उघड्या केसांचाच निकाल खरा.