जुना एसी: कॉम्प्रेसर बदलावा की यंत्रच बदलावे?

घरकोंबडा:
आमच्याकडे दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे आणि त्याला ११ वर्षे झाली आहेत. त्याच्या पाटीवर गॅस आर-२२, थंडावा ५२०० वॅट, वीज १९०० वॅट आणि करंट ८.६ अँपिअर असे छापलेले आहे. काही दिवसांपासून बाहेरच्या युनिटचा पंखा व्यवस्थित फिरतो, पण कॉम्प्रेसर नुसता घुमतो, काही सेकंदांत ‘टक’ असा आवाज होऊन थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू होते.

मेकॅनिकने मीटर लावून कॉम्प्रेसरचे वाइंडिंग उडाल्याचे सांगितले. त्याने कागदावर लिहून दिले आहे की, कॉम्प्रेसरच्या सी या सामाईक टोकापासून आर किंवा एस या वाइंडिंगच्या टोकांकडे मीटर काहीच दाखवत नाही आणि आर ते एस मात्र ४ ओहम दाखवतो. कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून खर्च नव्या इन्व्हर्टर एसीच्या ४० टक्के होतो. विजेच्या दराशी ताडून पाहिले, तर नवा एसी आमच्या सुमारे ५००० युनिटांच्या बिलाएवढा पडतो आणि दुरुस्ती २००० युनिटांएवढी. वापर वर्षातले चार महिने, रोज साधारण सहा तास. अशा वेळी काय करणे शहाणपणाचे ठरेल? दुरुस्तीच करायची झाल्यास नव्या गॅसचा कॉम्प्रेसर बसवता येईल का?

चौकस:
दहा वर्षे उलटलेल्या एसीवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आर-२२ आता बंदच झाला आहे आणि नव्या यंत्राने बिल निम्म्यावर येते, त्यामुळे त्याची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होईल. तरीही दुरुस्ती करायचीच असेल, तर आर-३२ चा कॉम्प्रेसर बसवून घ्या, म्हणजे पुढे गॅसची चिंता राहणार नाही.

तांबट:
घरकोंबडा, आपण मीटरचे आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण त्या आकड्यांवरून वाइंडिंग उडाल्याचे सिद्ध होत नाही. आर ते एस मोजताना प्रवाह दोन्ही वाइंडिंगमधून जातो. तिथे ४ ओहम मिळतात, याचा अर्थ दोन्ही अखंड आहेत. तुटलेली आहे ती सी कडची वाट आणि त्या वाटेवर ओव्हरलोड प्रोटेक्टर असतो. कॉम्प्रेसर तापला की तो उघडतो. आपण ऐकता तो ‘टक’ आवाज बहुधा त्याचाच. काही कॉम्प्रेसरमध्ये तो आतच बसवलेला असतो आणि निवायला तास-दोन तास घेतो. चालू करून पाहिल्या-पाहिल्या मोजले, की चांगला कॉम्प्रेसरही मेलेला दिसतो.

म्हणून मेन स्विच बंद करून यंत्र पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजून घ्या. सी-आर आणि सी-एस यांची बेरीज आर-एस एवढी यायला हवी. त्यानंतर प्रत्येक टोकापासून तांब्याच्या नळीपर्यंत वीज झिरपते का, हे मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने तपासावे. तिथे वाट मिळाली, तर मात्र कॉम्प्रेसर संपला. यात दोष नसेल, तर घुमून बंद पडण्यामागे पहिला संशय कॉम्प्रेसरला फिरायला जोर देणाऱ्या रन कपॅसिटरवर घ्यावा. मोजण्यापूर्वी तो डिस्चार्ज करणे अत्यावश्यक आहे, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आता हिशेब. चार महिने, सहा तास म्हणजे सुमारे ७२० तास. त्यातला दोन तृतीयांश वेळ कॉम्प्रेसर चालतो असे धरले, तर आपला एसी हंगामाला ९०० युनिटे खातो. तेवढाच थंडावा चांगला इन्व्हर्टर साधारण ५५० युनिटांत देईल. बचत ३५० युनिटांची. दुरुस्ती आणि नवे यंत्र यांच्या खर्चातला फरक ३००० युनिटांचा असल्यामुळे तो निव्वळ विजेतून भरून निघायला आठ-साडेआठ वर्षे लागतील. चौकस म्हणतात तशी दोन-तीन वर्षे नव्हेत. वर्षभर रात्रंदिवस एसी चालत असता, तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरले असते.

तरीही कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल, तर मी नवेच घ्या म्हणेन, पण ते वेगळ्या कारणासाठी. नवा कॉम्प्रेसर ११ वर्षांच्या कॉइलवर बसणार. ती कॉइल चार वर्षे टिकली, तर दुरुस्तीचे वर्षाला ५०० आणि जास्तीच्या विजेचे ३५० मिळून ८५० युनिटे होतात. नवे यंत्र दहा वर्षे चालले, तर वर्षाला ५०० युनिटे पडतात. उलट फक्त कपॅसिटर बदलून भागले, तर जुन्याचा जादा भार त्या ३५० युनिटांचाच राहतो आणि तूर्त जुनाच चालवणे स्वस्त पडते.

आर-३२ चा कॉम्प्रेसर या यंत्रात बसवू नये. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो, तेल वेगळे लागते, कॅपिलरी आणि कॉइल त्या दाबासाठी केलेल्या नसतात, शिवाय तो थोडाफार ज्वलनशील आहे.

पाऊसवेडा:
माझाही एसी जुनाच आहे. तो चालू होतो, पण दर हंगामाला गॅस भरावा लागतो, एरवी थंडावा उत्तम असतो. मीही कपॅसिटर बदलून पाहू का?

तांबट:
आपला प्रश्न निराळा आहे. गॅस वापरून संपत नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून ती शोधायला सांगा. जोडावरची गळती स्वस्तात निघते. आतल्या कॉइललाच बारीक छिद्रे पडली असतील, तर एक बुजवली की दुसरी फुटते, आणि मग यंत्र बदलण्याचा विचार करावा. कपॅसिटरचा याच्याशी संबंध नाही.

चौकस:
हिशेब मान्य आहे, पण नव्या यंत्राचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पट्टी, जळला तर त्याचा खर्च कुठे धरलात? आणि आर-२२ बंद झाल्याचे माझे म्हणणे तरी बरोबर आहे ना?

तांबट:
पीसीबीचा मुद्दा रास्त आहे. नवे यंत्र आठच वर्षे टिकले असे धरले, तर वर्षाला ६२५ युनिटे होतात. फरक कमी होतो, पण निकाल फिरत नाही. आर-२२ मात्र एका दिवसात नाहीसा होत नाही. मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांत तो टप्प्याटप्प्याने कमी होत आहे आणि २०३० ते २०४० या काळात जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अगदी थोडा वाटा राखलेला आहे. मिळेल, पण दुर्मीळ आणि महाग होत जाईल.

घरकोंबडा:
दुसऱ्या मेकॅनिकला बोलावले आणि रात्रभर बंद ठेवलेल्या यंत्रावर मोजमाप करून घेतले. सी-आर १.६, सी-एस २.४ आणि आर-एस ४ ओहम आले; नळीपर्यंत कुठेही वाट मिळाली नाही. कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड छापलेले होते, मोजल्यावर १९ भरले. नवा बसवताच कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात सुरू झाला. भर दुपारी करंट ९.१ अँपिअर दाखवतो, म्हणजे पाटीपेक्षा थोडा जास्त. हे काळजीचे आहे का?

चौकस:
माझ्या मते आहे. कपॅसिटर कमजोर असताना कॉम्प्रेसरने इतके दिवस जे धक्के खाल्ले, त्याची किंमत तो वसूल करणारच. पुढच्या हंगामाआधी नवा घेऊन मोकळे व्हा.

तांबट:
धक्क्यांबद्दल चौकस यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण पाटीवरचा करंट बाहेर ३५ अंश तापमान धरून दिलेला असतो. त्याहून अधिक उन्हात तो वाढणारच. आधी बाहेरची कॉइल पंख्याच्या बाजूने, मंद धारेने धुऊन घ्या आणि सकाळच्या गारव्यात पुन्हा मोजा. तेव्हा ८.६ किंवा त्याखाली आला, तर हा हंगाम निर्धास्त काढा. तेव्हाही ९ च्या वर राहिला, तर मी चौकस यांच्या बाजूने मत देईन.