मदत हवी आहे: एअरपॉडचा उजवा बड हरवला, दुसरा आणला तर डावा त्याला ओळखतच नाही

रानवारा
नमस्कार मंडळी, माझे एअरपॉड दुसऱ्या जनरेशनचे आहेत, तीनेक वर्षं रोज वापरतेय. मागच्या आठवड्यात बसमधून उतरताना ओढणी ओढली आणि उजवा बड कानातून उडून थेट गटाराच्या जाळीत गेला, डोळ्यांदेखत. डावा आणि डबी एकदम व्यवस्थित आहेत म्हणून पूर्ण नवीन सेट घ्यायचं जिवावर आलं, मग एकाकडून वापरलेला सुटा उजवा बड मागवला. दिसायला हुबेहूब तोच. पण दोन्ही डबीत ठेवून झाकण उघडलं की आतला दिवा नारिंगी लुकलुकत राहतो, पांढरा होतच नाही, आणि फोनला फक्त डावा दिसतो. फोनमधून Forget This Device करून झालं, मागचं बटण पंधरा सेकंद दाबून झालं, दोनदा. काय चुकतंय माझं?

खटपट्या
ताई आधी Find My उघडून आवाज वाजवून बघा ना, माझा असाच सोफ्याच्या फटीत सापडला होता चार दिवसांनी!

रानवारा
अहो दादा, तो पाण्यात गेलाय, सापडायचा प्रश्नच नाही. दुसरा आणलाय, तो जोडायचाय.

भास्कर_म
डबी आणि दोन बड असा तिघांचा जोड कंपनीतूनच पक्का केलेला असतो. एक बदलला की डबी त्याला घेत नाही. त्यामुळे डबी पण बदलावी लागेल, नाहीतर फर्मवेअर वेगळं असणार. माझ्या भावाचा हाच घोळ झाला होता, शेवटी त्याने नवीन सेट घेतला.

सोल्डरवाला
भास्करराव, फर्मवेअरचं तुम्ही म्हणता ते होऊ शकतं, पण डबीचं तसं नाही. डबी नवा बड घेते, मी कितीतरी वेळा जोडून दिलेत. आपण मागचं बटण दाबतो तेव्हा डबी आतल्या दोन्ही बडना निरोप देते की जुनी ओळख सोडा आणि एकमेकांना धरा. दोघांचं जमलं तर दिवा पांढरा, नाही जमलं तर नारिंगी. म्हणजे तुमचा नारिंगी दिवा सांगतोय की डबीला दोघं दिसताहेत पण त्यांचं आपसात पटत नाहीये.

रानवाराताई, एक काम करा. दोन्ही बड उजेडात धरा आणि दांडीच्या वर, गोल भागाच्या खालच्या बाजूला बारीक करडी अक्षरं असतात ती वाचा. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार, फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा. A ने सुरू होणारा नंबर दोन्हींचा इथे टाका.

रानवारा
बाप रे, अर्धा तास गेला, अक्षरं मुंगीएवढी पण नाहीत. बड जरा तिरपा करून बाजूने टॉर्च मारला तेव्हा कुठे उमटली. डाव्यावर A2031 आणि आणलेल्या उजव्यावर A1523.

सोल्डरवाला
सापडलं. A1523 हा पहिल्या जनरेशनचा उजवा आहे, तुम्हाला हवा A2032. पहिल्या आणि दुसऱ्याची बाहेरची घडण सारखीच, दोन्ही एकाच डबीत बसतात, चार्जही होतात, म्हणूनच माणूस फसतो. पण आत चिप वेगळी आहे, पहिल्यात W1 आणि दुसऱ्यात H1, ती जोडी कधीच जमणार नाही. बटण पंधरा सेकंद दाबा नाहीतर पंधरा मिनिटं. विकणाऱ्याला नंबरचा फोटो पाठवून परत करा, आणि पुढचा घेताना पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडून असाच जवळचा फोटो मागा. "दुसऱ्या जनरेशनला चालेल" या शब्दावर जाऊ नका.

मिताली_
मध्येच विचारते, माझे एअरपॉड नाहीत, साधे दुसऱ्या कंपनीचे इअरबड आहेत, डावा हरवला, नवीन आणला तर फोनमध्ये एकाच नावाची दोन वेगवेगळी डिव्हाइस दिसताहेत. मला पण तो नंबरच बघायचाय का?

सोल्डरवाला
मिताली, तुझं दुखणं वेगळं आहे. मॉडेल एकच आहे ना ते आधी बघच, पण एकाच नावाची दोन डिव्हाइस दिसणं म्हणजे दोन्ही बड सुटे सुटे फोनला जाऊन चिकटताहेत, आपसात जोडलेलेच नाहीत. फोनमधून दोन्ही नावं काढून टाक, फोनचं ब्लूटूथ बंद ठेव, म्हणजे फोन मध्ये येणार नाही, आणि मग दोघांना एकमेकांशी जोड. ते कसं करायचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं, कुठे दोन्ही बड एकदम दाबून धरायचे, कुठे ठरावीक वेळा टॅप, ते तुझ्या मॅन्युअलमध्येच बघावं लागेल. ते दोघं जोडले गेल्यावरच फोनचं ब्लूटूथ चालू कर.

रानवारा
आठ दिवसांनी परत आलेय. तो बड परत दिला, दुसऱ्याकडून A2032 मिळाला, यावेळी फोटो बघूनच घेतला. पण डबीत ठेवला तर पुन्हा नारिंगीच! मला तर रडूच यायचं बाकी होतं.

सोल्डरवाला
रडू नका, आता भास्कररावांची शंका खरी ठरायची वेळ आलीय. डबीत फक्त नवीन बड ठेवा, डावा बाहेर. झाकण उघडं ठेवून बटण दाबून धरा, पांढरा दिवा लुकलुकला की एकट्यालाच फोनला जोडा. मग Settings मध्ये Bluetooth, त्याच्यापुढचा i, आणि खाली Version बघून लिहून ठेवा. तेच डाव्याचं करा. आकडे वेगळे असतील तर मागे असलेल्याला डबीत ठेवून डबी चार्जरला लावा आणि आयफोन शेजारी, वायफाय चालू. अपडेटचं वेगळं बटण नसतं, ते आपणहून होतं, धीर धरावा लागतो.

रानवारा
झालं!!! आकडे खरंच वेगळे होते, नवीनवाला बराच मागे होता. रात्रभर फोनशेजारी चार्जिंगला ठेवला, सकाळी Version डाव्याइतकं झालेलं. मग दोन्ही डबीत ठेवून झाकण बंद केलं, अर्ध्या मिनिटाने उघडलं, बटण पाचेक सेकंद दाबलं आणि दिवा पांढरा. दोन्ही कानांत गाणं ऐकलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. सोल्डरवाला, तुमचे खूप खूप आभार, आणि भास्करदादा तुमचेही.

एकच राहिलंय. लांबलचक कॉल असला की डावा मध्येच टुंग करून बंद पडतो आणि उजवा पुढे चालूच असतो.

भास्कर_म
म्हणजे फर्मवेअरचं माझं बरोबर होतं तर. डावा तीन वर्षांचा आहे, त्याची बॅटरी थकली, त्याला इलाज नाही.

सोल्डरवाला
बॅटरी थकलीय हे खरं, पण थोडा भार हलका करता येतो. त्याच i च्या पानावर Microphone आहे, तिथे Always Right AirPod निवडा. कॉलवर ज्याचा माइक चालतो तो जास्त लवकर उतरतो, म्हणून ते काम नव्याकडे द्या. किती फरक पडतो ते मात्र तुमचा डावा किती झिजलाय त्यावर आहे.

रानवारा
लावलंय आत्ताच. उद्या दोन मोठे कॉल आहेत, डावा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघते आणि इथे लिहिते.

मिताली_
माझे दोघं आपसात जोडले गेले एकदाचे, पण आता डाव्यात आवाज उजव्यापेक्षा बारीक येतोय. जाळी ब्रशने साफ करून बघितली, तरी तसंच. कुणाला असं झालंय का?