मदत हवी आहे: बाँडचा अंदाजे वायटीएम 10 टक्के, मग किंमत 924 कशी?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून 1000 दर्शनी किमतीचा बाँड 920 ला घेतोय. कूपन वर्षाला 80, मुदत 5 वर्षं. एजंट 80 भागिले 920, म्हणजे 8.7 टक्केच सांगतो. त्यात शेवटी मिळणारे जादा 80 धरलेलेच नाहीत. ते वर्षाला 16 धरले तर 96 होतात. त्यांना 920 आणि 1000 च्या सरासरीने, 960 ने, भागलं की बरोबर 10 टक्के.

काल रात्री वहीत दर वर्षाचं कूपन आणि शेवटचे 1000 याच 10 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले, तर बेरीज 924 आली. एक्सेलमध्ये `=RATE(5,80,-920,1000)` 10.12 टक्के दाखवतं. म्हणजे सवलतीतल्या बाँडला हे सूत्र परतावा कमी दाखवतं ना? मुदत 15 वर्षं असती तर फरक किती झाला असता? कुणी आकडे मांडून दाखवेल का?