रात्रीचे संदेश आणि उपलब्धतेची वेळ

"साहेब रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर कामाचे विचारतात. उत्तर दिले तर रोजचेच होते, नाही दिले तर नाराजी. काय करावे?"

रात्री संदेश दिसलाच, तर काम सुरू न करता फक्त वेळ कळवावी : "सर, पाहिले. सकाळी आकडे तपासून दहापर्यंत पाठवतो." ही दहाची वेळ मात्र कधीही चुकवू नये, कारण पुढची सगळी बोलणी त्याच विश्वासावर होतात.

मग दिवसा, साहेब निवांत असताना, समक्ष सांगावे : "नऊनंतर मी संदेश पाहत नाही, ग्राहकाचे काम अडले तर थेट फोन करा, मी उचलेन." हेच दोन ओळींच्या ईमेलमध्येही लिहून ठेवावे. संदेश टाकायला विचार लागत नाही, पण रात्री फोन लावताना काम खरोखर तातडीचे आहे का, हे माणूस स्वतःच तपासतो. अनेक वरिष्ठ तर केवळ विसरू नये म्हणून लिहितात. त्यांना आउटलुकमध्ये सकाळची वेळ लावून ईमेल पाठवण्याची सोय दाखवावी.

रात्रीचे फोन वारंवार येऊ लागले, तर पाळ्या लावून बदली रजा मागणे रास्तच आहे. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलेल्या, कामाच्या वेळेनंतर फोन-संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क देणाऱ्या खासगी विधेयकाचा कायदा झाला नाही, म्हणून नेमणूकपत्रातील कामाच्या वेळा आधी नीट वाचाव्यात.