बिअरचा फेस टिकत नाही, वाईनच्या ग्लासला साबणाचा वास, ग्लास धुवायचे कसे? (मदत हवी आहे)

बेसाकर
नमस्कार मंडळी. बेशाला राहतो, सोसायटीत बोअरचं पाणी. मागच्या महिन्यात हौसेने काचेचे ग्लास घेतले, चार बिअरचे आणि एक वाईनचा, वाईनचा दुसरा बहिणीकडून आला, आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. बिअर ओतली की दोन बोटं फेस येतो आणि मिनिटभरात सफाचट, वर नुसतं पिवळं पाणी दिसतं. तीच बाटली, त्याच दुकानातली, भावाकडे धरमपेठेत ओतली तर फेस शेवटपर्यंत राहून राहिला होता, म्हणजे माल खराब नाही. नाशिकची शिराझ ओतली तर नाकाला आधी लिंबाच्या साबणाचा वास येतो, मग वाईन. मी भांड्यांच्या लिक्विडने चांगला फेस काढून धुतो, तीनदा खळखळून घेतो, मग टॉवेलवर उपडे ठेवतो. दिसायला चकचकीत आहेत, मग चुकतंय कुठं?

संत्रा_बर्फी
भाऊ मला तर वाटते बिअर कमी थंड असंल. ग्लास अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून बघा.

बेसाकर
भावाकडे पण तेवढीच थंड होती ना.

रविभाऊ
फ्रीझर नको करू. ग्लासवर बर्फ साचतो, त्याने फेस उलट वेडावाकडा येतो आणि फ्रीजमधल्या लसणीच्या चटणीचा वास ग्लासला लागतो तो वेगळाच. तू खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाक, जोरात फसफसते, सगळी घाण निघते. आमच्याकडे सिंक असंच साफ करतो.

माजी_बारवाला
रविभाऊ अर्धं बरोबर आहे. सोडा चांगला, व्हिनेगर पण चांगलं, पण एकत्र टाकले की दोघं एकमेकाला मारतात, फसफस दिसते आणि ग्लासला काही होत नाही. वेगवेगळ्या वेळी वापरायचे.

बेसाकरभाऊ, मी सात वर्षं एका हॉटेलच्या बारमागे उभा राहिलोय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. बिअरचा फेस म्हणजे गॅसचे बुडबुडे, आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती बिअरमधल्या जवाच्या प्रथिनांचा आणि हॉप्सच्या कडवट अंशाचा एक पातळ पापुद्रा असतो, तो आहे तोवर बुडबुडा टिकतो. तेल किंवा साबण आला की तो त्या पापुद्र्यात घुसून प्रथिनांना बाजूला सारतो, पापुद्रा फाटतो, फेस बसतो. यासाठी डोळ्याला दिसंल एवढा साबण लागतच नाही, म्हणून तुमचे ग्लास चकचकीत असूनही फेस मरतो.

आधी खात्री करा. ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि उजेडात धरा. आतून पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथं चिकटपणा आहे. अजून पक्की परीक्षा पाहिजे तर ओल्या ग्लासात आतून बारीक मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागेवर टक्कल पडतं. बिअर भरल्यावर पण कळतं, बुडबुडे काचेला आतून चिकटून बसलेत तर तो ग्लास घाण आहे.

आता सांगा, घासणी कोणती वापरता? आणि टॉवेल धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड टाकता का?

बेसाकर
घासणी एकच, कढईची तीच. टॉवेलला हाव, सुगंधी लिक्विड टाकतो. मीठ टाकून पाहिलं, ग्लासच्या वरच्या काठाखाली आणि तळाशी चक्क टक्कल!

माजी_बारवाला
मग दोन्ही सापडले. कढईच्या घासणीत फोडणीचं तेल मुरलेलं असतं, ते ग्लासला लागतं. आणि कपडे मऊ करणारं लिक्विड म्हणजे कपड्यावर बसून राहणारा स्निग्ध थरच, उपडा ठेवल्यावर ग्लासच्या काठाला तोच लागतो.

असं करा. ग्लाससाठी वेगळा मऊ ब्रश किंवा स्पंज, त्याला दुसरं भांडं लावायचं नाही. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा, खाण्याचा नाही, तो फार सौम्य पडतो. हातात मोजे घाला, सोडा कातडी खातो. पाच मिनिटं भिजवून ब्रश फिरवा. या सोड्याला ना सुगंध ना फेस, म्हणून मागे काही ठेवत नाही, फक्त नीट धुतला पाहिजे. वाहत्या पाण्याने आतून बाहेरून धुवा, शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. आरओचं वाया जाणारं पाणी नको, ते तर बोअरपेक्षा जड असतं. मग जाळीवर तिरके उपडे ठेवा म्हणजे खालून हवा खेळंल. पुसायचं नाही.

मीनल_के
दादा माझा प्रश्न पण घ्या ना. माझ्या चष्म्याच्या काचेवर असाच थर येतो, तिला सोडा चालंल का?

माजी_बारवाला
ताई नको, चष्म्यावर कोटिंग असतं, ते उडंल. हे फक्त साध्या काचेच्या ग्लासचं बोलणं चालू आहे. सोनेरी काठ असलेल्या ग्लासला पण नको.

रविभाऊ
आणि बेसाकर, बिअरसोबत खातो काय तू? सावजी असंल तर ग्लास कितीही धू, तर्रीचं तेल ओठावरून ग्लासात जातं.

माजी_बारवाला
ही गोष्ट रविभाऊ शंभर टक्के खरी बोलले. पहिला घोट खाण्याआधी घेऊन पाहा म्हणजे ग्लासचा दोष की ओठाचा ते वेगळं कळंल.

बेसाकर
शनिवारी बसून केलं, ऐका. तीन ग्लास, एकच मोठी बाटली, सोबत काही खाल्लं नाही. पहिला नेहमीसारखा धुतलेला: फेस मिनिटभरात गेला. दुसरा सोड्याने धुवून जाळीवर वाळवलेला: पाच मिनिटं झाली तरी बोटभर फेस आणि घोट घेतला तिथं काचेला पांढरी कडी राहिली, दर घोटाला एक, मोजता येतील अशा! तिसरा सोड्यानेच धुतला पण मुद्दाम त्या टॉवेलवर उपडा ठेवून त्यानेच पुसला: दोन मिनिटांत खलास. म्हणजे माझ्या केसमध्ये टॉवेल पण तेवढाच गुन्हेगार निघाला, हे मला अजिबात वाटलं नव्हतं.

वाईनचा ग्लास मात्र अजून पूर्ण जमला नाही. साबणाचा वास गेला पण कपाटात दोन दिवस ठेवल्यावर एक कोंदट वास येते.

माजी_बारवाला
कपाटात उपडा ठेवता ना? ग्लासच्या वाटीत प्लायवूडचा वास कोंडतो. सरळ ठेवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत नको. ओतायच्या आधी रिकाम्या ग्लासात तोंडाने 'हॉ' करून गरम वाफ सोडा आणि लगेच हुंगा, जो काही वास लपलेला असंल तो वर येतो. तरी शंका वाटली तर चमचाभर वाईन टाकून ग्लासभर फिरवा, ती फेकून मग भरा.

बेसाकर
'हॉ' करून पाहिलं, कपाटाचाच वास आहे. त्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, आज काढल्या. एकच राहिलं, दोन्ही वाईनच्या ग्लासवर पांढरट धुरकट झाक आहे. पाण्यात अर्धं व्हिनेगर घालून वीस मिनिटं भिजवलं, एकाची गेली, दुसऱ्याची तशीच.

माजी_बारवाला
गेली ती बोअरच्या पाण्याची खार. दुसरी ओली असताना दिसेनाशी होते आणि वाळल्यावर परत येते का बघा. डिशवॉशरमध्ये बरेचदा गेला असंल तर काचच झिजली असंल, ती व्हिनेगरने भरून येत नाही.

बेसाकर
डिशवॉशर माझ्याकडे नाही, पण हा ग्लास बहिणीकडून आलाय, तिच्याकडे आहे. तिला विचारतो आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर पण ठेवून पाहतो.